दुखायचं थांबलं म्हणजे विंचू उतरला, असं नाही

प्रश्न: माझ्या पाच वर्षांच्या मुलाला रात्री पायाच्या बोटाला विंचू चावला. आधी खूप रडला. अर्ध्या-पाऊण तासाने दुखणं कमी झालं, पण अंगाला घाम सुटला होता आणि दोनदा उलटी झाली. घरचे म्हणाले, "उतरला आता, झोपू दे त्याला." मला राहवेना, म्हणून आम्ही दवाखान्यात नेलं. त्यांनी दोन रात्री ठेवून घेतलं. दुखत नसताना एवढी घाई खरंच गरजेची होती का? आणि पुन्हा असं झालं तर काय बघून ठरवायचं?

उत्तर:

हो, गरजेची होती. तुम्ही नेलंत हे फार चांगलं केलंत. घाम आणि उलट्या सुरू असताना दुखणं कमी होणं, ही माझ्या दृष्टीने विंचवाच्या बाबतीतली सगळ्यात फसवी गोष्ट आहे. आजवर जी मुलं आमच्याकडे उशिरा आली, त्यातली बरीचशी याच कारणाने उशिरा आली.

आपण म्हणतो, विंचू चढला, विंचू उतरला. हे चढणं-उतरणं आपण कळेवरून मोजतो. ठणका मांडीपर्यंत गेला की चढला, बोटापुरता राहिला की उतरला. साध्या डंखाला हा हिशोब बरोबर लागू पडतो. पण लाल विंचवाचं विष जेव्हा सगळ्या अंगात भिनतं, तेव्हा हिशोब उलटा होतो. नुसतीच असह्य कळ आहे, मूल ओरडतंय, पण अंग कोरडं आहे, हातपाय गरम आहेत, उलटी नाही, अशा मुलाचं बहुतेक वेळा काही बिघडत नाही. याउलट ज्याचं शरीर विषाशी झगडत असतं, त्या मुलाची डंखाच्या जागची कळ पुष्कळदा मंद असते. ते गप्प पडून राहतं, आणि घरच्यांना वाटतं, झोप लागली.

असं का होतं ते समजायला विष काय करतं ते थोडं बघावं लागेल. आपल्या नसांमधून जो संदेश जातो, तो सोडियमची बारीक दारं क्षणभर उघडून मिटण्यामुळे जातो. विंचवाचं विष ही दारं मिटू देत नाही. मग नसा थांबायचं नाव घेत नाहीत, संदेशांमागून संदेश सुटत राहतात. ज्या नसा आपोआप चालणारी कामं सांभाळतात, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, त्यांच्यावर याचा सगळ्यात मोठा परिणाम होतो. सुरुवातीला शरीर सांडायला लागतं: उलट्या, लाळ, दरदरून घाम. हा घाम तापातल्यासारखा कपाळापुरता नसतो, अंगातला सदरा पिळून काढावा इतका असतो. मुलग्यांमध्ये याच वेळी लिंग ताठर राहतं. आईवडील संकोचाने हे सांगत नाहीत, पण विष अंगात भिनल्याची ही अगदी लवकर दिसणारी आणि भरवशाची खूण आहे, तेव्हा डॉक्टरांना जरूर सांगा.

सांडण्यानंतर येतं ते आवळणं. कधी दोन्ही एकदमच सुरू असतात. अॅड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात इतकी उतू जातात की हातापायांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, छाती धडधडते. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी साचायला लागतं. मुलाला खोकला सुटतो, त्याला आडवं पडवत नाही, श्वास भराभर चालतो. आणखी पुढे तोंडाला गुलाबीसर फेस येतो. यानंतर चढलेला रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मुलांत अर्ध्या तासात सुरू होतं, काहींत तीन-चार तास लागतात. लहान मुलात ते जास्त वेगाने आणि जास्त जोराने होतं, कारण विंचू नांगी मारताना समोर दहा किलोचं मूल आहे की साठ किलोचा माणूस, हे बघून विष सोडत नाही.

म्हणून घरी बघायचं तर डंखाची जागा बघत बसू नका, तिथे बहुतेक वेळा लाली किंवा सूज काहीच नसते. आपल्या तळहाताची मागची बाजू मुलाच्या पोटाला लावा, मग तीच त्याच्या पावलाला लावा. पोट गरम आणि पाऊल गार, ओलसर लागलं तर विष हृदय आणि रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलं असं धरून चाला. मग सदरा वर करून श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून. शांत पडलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४०च्या वर गेला तर तो जास्तच आहे. या दोन गोष्टींना काहीही साधन लागत नाही आणि दीड मिनिटात होतात. पण त्या गाडी येईपर्यंत करायच्या. त्या करून मग जायचं की नाही ते ठरवू, असं नको.

मी हे ठासून सांगतो त्याला माझ्याच हातून झालेली एक चूक कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. चार वर्षांची, चौदा किलो वजनाची मुलगी, रात्री सव्वाआठला हाताच्या बोटाला विंचू चावलेला. नऊ वाजता आणली तेव्हा वडिलांनी सांगितलं, वाटेत खूप रडली, आता शांत आहे. एक उलटी झाली होती. मी बोट पाहिलं, काही दिसलं नाही. छाती ऐकली, साफ होती. तिची आजी दोनदा म्हणाली, "डॉक्टर, हात गार पडलेत हो हिचे." बाहेर पाऊस होता, मोटरसायकलवरून भिजत आली होती, मी म्हटलं, पावसाने. पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि घरी पाठवलं.

साडेबाराला ती परत आली. ओठ निळसर, श्वास मिनिटाला साठच्या पुढे, नाडी मोजता येऊ नये इतकी वेगात, आणि सारखा कोरडा खोकला. बापाने तिला खांद्यावर उभी धरली होती, कारण आडवी केली की गुदमरायची. स्टेथोस्कोपने छाती ऐकली तर दोन्ही बाजूंना तळापासून वरपर्यंत बुडबुड आवाज. तीन तासांपूर्वी हीच छाती साफ होती. पण तेव्हा मी तिचं नखसुद्धा दाबून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर नखाचा पांढरेपणा जाऊन गुलाबी रंग यायला किती उशीर लागतोय ते नऊ वाजताच कळलं असतं.

ऑक्सिजन लावला, डोकं उंच ठेवलं आणि प्राझोसिन दिलं. हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे चौदा किलोला ४२० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून जरा कमी भाग. गोळी कुटून पाण्यात विरघळवून तेवढंच मोजून दिलं. विंचवाचं प्रतिविषही दिलं. तीन तासांनी प्राझोसिनचा दुसरा डोस. पहाटे पाचच्या सुमारास पावलं कोमट लागली. श्वास चाळिशीवर आला. सहा वाजता ती जागी झाली आणि बोट धरून मोठ्यांदा रडायला लागली. आई घाबरून धावत आली, "परत चढला का हो?" नाही, हीच ती खूण होती जिची मी वाट बघत होतो. विषाचा अंगातला जोर ओसरतो, हातपाय गरम होतात, आणि तेव्हा डंखाच्या जागची दबलेली कळ परत जागी होते. वर मी उलटा हिशोब म्हटलं तो हाच. तुमचा मुलगाही दुसऱ्या दिवशी बोट दुखतंय म्हणून रडला असेल तर ते वाईट लक्षण नव्हतं.

आता घाईबद्दल. विंचवाच्या बाबतीत वेळ का मोजायची, याचं उत्तर उपचारांतच आहे. प्रतिविष फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष बांधून ठेवू शकतं. नसांवर आधीच घट्ट बसलेलं विष, रक्तात सांडून गेलेलं अॅड्रेनालिन, दमून गेलेलं हृदय, यांतलं काहीही ते मागे फिरवू शकत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत दिलेल्या प्रतिविषाचा जो उपयोग, तो आठ तासांनी दिल्यावर राहत नाही. प्राझोसिनचंही तसंच. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत पण हृदय अजून तग धरून आहे, त्या काळात ते दिलं तर हृदयावरचा भार उतरतो आणि फुप्फुसात पाणी साचण्यापर्यंत पाळी येत नाही. पाणी साचल्यावरही औषध देतातच, पण मग सोबत ऑक्सिजन, कधी श्वासाचं यंत्र, हृदयाला बळ देणारं सलाइनमधलं औषध, एवढं सगळं लागतं. म्हणजे गोळीने होणारं काम अतिदक्षता विभागावर जातं.

प्राझोसिनचा हा उपयोग कोकणातच सापडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला विंचवाचे रुग्ण तपासता तपासता हे औषध वापरून पाहिलं आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्याआधी गंभीर लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णांतले शंभरातले तीसच्या आसपास दगावत असत. पुढे हे प्रमाण काही मोजक्या टक्क्यांवर आलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच अभ्यासात प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत तेवढ्या वेळात बरे झाले ते ८. नुसत्या प्राझोसिननेही रुग्ण बरे होतातच, फक्त जास्त वेळ लागतो. म्हणून प्रतिविष मिळालं नाही तर हातपाय गाळू नका, पण प्राझोसिन आणि ऑक्सिजन या दोन गोष्टी जिथे आहेत तिथेच मूल न्या. निघताना कोणीतरी एकाने फोन करून एवढंच विचारावं: "विंचवाचं मूल आणतोय, प्राझोसिन आहे का, ऑक्सिजन आहे का?" जवळच्या लहान दवाखान्यात प्राझोसिन असेल तर पहिला डोस तिथेच घ्या आणि मग मोठ्या ठिकाणी जा. ते टाळून थेट दूरचं मोठं रुग्णालय गाठायच्या नादात दीड तास वाया घालवू नका.

वाचून कोणाला वाटेल, मग ही गोळी घरीच का ठेवू नये. कृपा करून ठेवू नका. एक तर लक्षणं नसलेल्या मुलाला ती द्यायचीच नसते, आधीच देऊन विष अडत नाही. दुसरं, ती दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्या मुलाला कोणी कडेवर घेतलं किंवा उठवून बसवलं तर ते शुद्ध हरपून कोसळू शकतं. तिसरं, दुकानात मिळणारी बरीच गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती कुटायची नसते आणि इथे ती उपयोगाची नाही, इथे साधी गोळी लागते. हे सगळं रक्तदाब मोजणाऱ्या माणसाच्या हाताखालीच व्हायला हवं.

याचाच संबंध न्यायच्या पद्धतीशी आहे. मूल शक्यतो आडवं न्या, मांडीवर किंवा मागच्या सीटवर, मान एका बाजूला वळवून, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. खोकला किंवा धाप असेल तर मात्र आडवं करायचा आग्रह धरू नका, डोकं-छाती उंच करून धरा, त्याला ज्यात श्वास घेता येतो तेच त्याच्यासाठी बरोबर. चारचाकी मिळत नाही म्हणून तासभर थांबून राहू नका, औषध पोटात जायच्या आधी मोटरसायकलवर दोन मोठ्या माणसांच्या मध्ये धरून आणलेलं मूलसुद्धा उशिरा आलेल्या मुलापेक्षा बरं. पण एका दवाखान्यातून प्राझोसिन देऊन पुढे पाठवलं असेल तर तिथून पुढे ते आडवंच गेलं पाहिजे. चावल्याची वेळ, उलट्या किती झाल्या, मुलाचं वजन किती, हे कागदावर किंवा फोनवर लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाला दारात वेळ आठवत नाही, आणि आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

घरी करायचं फार थोडं आहे. जागा साध्या पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावलात तरी चालेल, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे देता येतं. दोरी आवळून बांधणं, चिरा मारणं, चोखणं, जागेवर काही घासणं, यांपैकी कशाचाच विषावर परिणाम होत नाही. उलट बोट काळं-निळं होतं, जखम होते, आणि मुख्य म्हणजे पाऊण तास जातो. मंत्राने उतरला असं जे वाटतं, ते पुष्कळदा आपोआप कमी झालेली कळ असते. ती कळ का कमी झाली असेल, ते वर सांगितलंच आहे. झोपेचं औषध अजिबात देऊ नका.

विंचू कोणता होता, हेही लोक फार विचारतात. ढोबळ खूण अशी की पुढचे चिमटे जाड आणि शेपटी बारीक असेल, ती मोठी काळी इंगळी असते तशी, तर धोका कमी. चिमटे बारीक, शेपटी जाड आणि रंग तांबूस-पिवळट असेल तर धोका जास्त. पण अंधारात, कांबळ्याच्या घडीत, चपलेत चावलेला विंचू नीट कोणी बघितलेला नसतो, आणि मारून आणलेला तोच असेल याची खात्री नसते. उपचार मुलाच्या लक्षणांवर ठरतो, विंचवाच्या रंगावर नाही. मेक्सिकोकडचे काही विंचू वेगळी लक्षणं दाखवतात: डोळे भिरभिरणं, जीभ-हात-पाय उडणं, घशात घरघर. आपल्याकडच्या लाल विंचवात मात्र मुख्य धोका हृदय आणि फुप्फुसांना असतो, हे लक्षात ठेवून बघा.

बोलता न येणाऱ्या बाळाबद्दल एक सांगायला हवं. रात्री झोपलेलं बाळ एकाएकी किंचाळून उठतं, उगी राहत नाही, मग लाळ गळते, घाम सुटतो, उलटी होते. घरच्यांना पोटदुखी वाटते. अशा वेळी दिवा लावून अंथरूण झटका, दुपटं उलटं करून बघा, हातापायाचं एकेक बोट हलकेच टिचकी मारून पाहा. विंचवाच्या जागेवर टिचकी बसली की बाळ हात झटकन ओढून घेतं. विंचू सापडला नाही तरी घाम आणि गार पावलं असतील तर निघा.

दवाखान्यातही काही गोष्टी चुकू शकतात, आणि पालक म्हणून तुम्ही शांतपणे विचारू शकता. सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही. घाम-लाळ थांबवायला अॅट्रोपिन दिलं तर आधीच धावणारं हृदय आणखी वेगाने धावतं. उलट्या आणि घामाने पाणी कमी झालेलं असतं हे खरं, पण भराभर सलाइन चढवलं तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं, म्हणून ते मोजून आणि छाती पुन्हा पुन्हा ऐकत द्यावं लागतं. "किती सलाइन दिलं, आणि पाय गरम झाले का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, पुन्हा झालं तर काय बघून ठरवायचं. लहान मुलाच्या बाबतीत न्यायचं की नाही हे ठरवायला लक्षणांची वाट बघू नका, विंचू चावला म्हणजे न्यायचंच. फक्त कळ असेल तर तिथे जागा बधिर करून देतात आणि काही तास नजरेखाली ठेवून सोडतात. मी स्वतः लहान मूल रात्रभर तरी ठेवून घेतो, कारण पहाटे दोन वाजता घरी श्वास मोजायला कोणी जागं नसतं. घाम, उलटी, गार हातपाय यांतलं एक जरी दिसलं तर किमान २४ तास, आणि हृदयावर परिणाम झाला असेल तर त्याहून जास्त. तुमच्या मुलाला दोन रात्री ठेवलं त्या अर्थी त्यांना तसं काही दिसलं असणार. डिस्चार्जच्या कागदावर हृदयाची सोनोग्राफी केल्याचं लिहिलं आहे का ते बघा. हृदयाचं काम कमी झाल्याचा उल्लेख असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्या. बहुतेक मुलांत ते पूर्ववत झालेलं असतं. तोवर धावण्या-खेळण्यात लवकर दमतो का, रात्री उशी उंच मागतो का, एवढं बघत राहा.